चित्राच्या जागी रिकामी चौकट

वेबपानावरचा मजकूर व्यवस्थित उमटतो, मथळे दिसतात, खालचे दुवे चालतात. पण फोटोंच्या जागी करडे चौकोन, नाहीतर फाटक्या कागदाचं छोटं चिन्ह. अशा वेळी बहुतेक जण ‘नेट स्लो आहे’ म्हणून पान पुन्हा पुन्हा ताजं करत बसतात. नेट खरोखरच मंद असेल तर चित्रं उशिरा येतात, तुकड्यातुकड्यांनी येतात, पण येतात. दहा मिनिटांनीही चौकट रिकामीच राहिली, तर कारण वेगाचं नसतं. एक तर ते चित्र आणायचंच नाही असं आपल्या फोनने ठरवलेलं असतं, किंवा ते मागवायची वेळ आली आहे हे पानाला अजून कळलेलं नसतं, किंवा मागवूनही वाटेत कुणी तरी अडवलेलं असतं. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. कुठलं दुखणं आहे हे ओळखायला संगणकतज्ज्ञ असावं लागत नाही. चित्र पानापर्यंत कसं पोचतं, एवढं समजलं की पुरे.

चित्र पानात नसतंच

छापील पुस्तकात मजकूर आणि चित्र एकाच कागदावर असतात. वेबपानाचं तसं नाही. पान म्हणजे मुळात मजकुराची एक फाइल. चित्राच्या जागी तिच्यात चित्राचा फक्त पत्ता लिहिलेला असतो. लग्नपत्रिकेत कार्यालयाचा पत्ता असतो, कार्यालय नसतं, तसंच हे. ब्राउझर आधी मजकूर आणतो, तो वाचता वाचता चित्रांचे पत्ते गोळा करतो आणि मग प्रत्येक पत्त्यावर स्वतंत्र मागणी पाठवतो. पानात वीस फोटो असतील तर वीस मागण्या जातात.

ही रचना वेबच्या अगदी सुरुवातीची आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मोझेक हा ब्राउझर तयार करणाऱ्या मार्क अँड्रीसन यांनी २५ फेब्रुवारी १९९३ रोजी पानात चित्र बसवण्यासाठी `IMG` या खुणेचा प्रस्ताव मांडला. त्या खुणेत चित्राचा पत्ता द्यायचा, बाकीचं काम ब्राउझरने करायचं, अशी ती सोय होती. आजही जगातली बहुतेक पानं तीच खूण वापरतात. तिचं साधं रूप असं असतं:

```html
<img src="https://upload.wikimedia.org/wikipedia/commons/a/a9/Example.jpg"
     width="300" height="200" alt="नमुना चित्र">
```

यातल्या तीन गोष्टी पुढे सारख्या लागणार आहेत. `src` म्हणजे चित्राचा पत्ता. `width` आणि `height` म्हणजे पानावर राखून ठेवायची जागा. हे आकडे मजकुरासोबतच येतात, म्हणून चित्र पोचायच्या आधीच ब्राउझर तेवढी चौकट मोकळी सोडतो. तसं केलं नाही, तर उशिरा आलेलं चित्र वाचत असलेल्या ओळी खाली ढकलून देतं. म्हणजे रिकामी चौकट हा मुळात बिघाड नाही; ती मुद्दाम राखलेली जागा आहे. बिघाड होतो तो ती न भरल्यामुळे. आणि `alt` म्हणजे चित्राऐवजी वाचायचे शब्द. चित्र आलं नाही तर ब्राउझर हे शब्द दाखवतो, आणि अंध वाचकांचं स्क्रीन वाचणारं साधन ते मोठ्याने म्हणून दाखवतं.

वरच्या पत्त्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. मराठी विकिपीडियाचा मजकूर `mr.wikipedia.org` या ठिकाणाहून येतो, पण लेखातले फोटो येतात `upload.wikimedia.org` इथून. नावं दिसायला सारखी असली तरी नीट वाचली की फरक कळतो: एकीकडे विकिपीडिया, दुसरीकडे विकिमीडिया. सगळ्या भाषांतल्या विकिपीडियांचे फोटो याच दुसऱ्या ठिकाणी ठेवलेले असतात. पहिली वाट मोकळी आणि दुसरी बंद, असं झालं की मजकूर येतो आणि चित्रं येत नाहीत. मोठ्या वर्तमानपत्रांची, दुकानांची आणि बँकांची संकेतस्थळंही अशीच चालतात: मजकूर एका यंत्रावर, चित्रं दुसऱ्या.

आपणच नको म्हटलेलं चित्र

चित्रं न आणण्याची सोय नवी नाही. १९९०च्या दशकात टेलिफोनच्या तारेवरून नेट चालायचं तेव्हा नेटस्केप या ब्राउझरमध्ये चित्रं आपोआप आणायची की नाही हे निवडता यायचं. नाही म्हटलं की चित्राच्या जागी छोटं चिन्ह दिसायचं आणि हवं ते चित्र मागाहून मागवता यायचं. आजचा डेटा सेव्हर हा त्याच विचाराचा वारस आहे. नेटच्या पैशांचा मोठा भाग चित्रं आणि व्हिडिओ खातात, मजकूर फारच थोडा. तेव्हा बचत करायची तर चित्रांवर.

पण ‘डेटा सेव्हर’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची सरमिसळ झाली की तपास चुकतो.

पहिली गोष्ट ब्राउझरची. भारतात साध्या फोनवर वर्षानुवर्षं वापरला गेलेला ऑपेरा मिनी हा २००६ साली जगभर खुला झालेला ब्राउझर याचं ठळक उदाहरण. तो पान थेट आणत नाही. आधी कंपनीचा सर्व्हर पान आणतो, आवळून लहान करतो आणि मग फोनकडे पाठवतो. चित्रांचा दर्जा कमी, मध्यम की जास्त ठेवायचा हे त्यात निवडता येतं आणि चित्रं पूर्ण बंदही करता येतात. बंद केलेली ही कळ घरातल्या दुसऱ्याच कुणी दाबलेली असते किंवा आपणच कधी काळी दाबून विसरलेलो असतो. क्रोमच्या मोबाइल आवृत्तीतही अशी बचतीची सोय होती. पुढे तिला लाइट मोड म्हणत. अनेक देशांत मोबाइल डेटा स्वस्त झाल्याचं सांगून गूगलने मार्च २०२२मध्ये ती काढून टाकली. त्यामुळे ‘क्रोममध्ये लाइट मोड बंद करा’ हा जुना सल्ला आता पाळायला गेलात तर ती कळच सापडणार नाही.

दुसरी गोष्ट फोनची. अँड्रॉइडमध्ये २०१६च्या सातव्या आवृत्तीपासून डेटा सेव्हर आहे. त्याचं मुख्य काम मागे चालणाऱ्या ॲपना डेटा वापरू न देणं हे आहे. समोर उघडलेलं ॲप डेटा वापरू शकतं, मात्र कमी वेळा. आणि चित्रावर बोट ठेवेपर्यंत ते दिसणार नाही असंही होऊ शकतं. ही सूचना सेटिंगमध्ये त्या कळीशेजारीच दिलेली असते. म्हणून डेटा सेव्हर चालू असताना चौकट रिकामी दिसली तर सर्वांत आधी तिच्यावर एकदा बोट टेकवून पाहायचं. व्हॉट्सॲपवर धूसर फोटो आणि त्यावर बाणाचं चिन्ह दिसतं, तो याच जातीचा प्रकार. धूसर चिमुकली प्रत संदेशासोबतच आलेली असते. मूळ फोटो आपोआप उतरवायचा नाही असं मीडियाच्या सेटिंगमध्ये ठरलेलं असतं.

तिसरी गोष्ट निरोपाची. वाचकाला डेटा वाचवायचा आहे हे काही ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत समोरच्या सर्व्हरला कळवतात. तो निरोप एका ओळीचा असतो:

```
Save-Data: on
```

ही केवळ विनंती आहे. एखादं संकेतस्थळ ती वाचून लहान आकाराचं चित्र पाठवतं, दुसरं सजावटीची चित्रं गाळतं, तिसरं काहीच करत नाही. म्हणून एकाच फोनवर एका संकेतस्थळाची चित्रं गायब आणि दुसऱ्याची जशीच्या तशी, असं दिसू शकतं. त्यात विसंगती काहीच नाही.

चित्रं वाचकाच्याच बाजूला पूर्ण बंद असतील तर त्याची खूण स्पष्ट असते: पानावरचं एकही चित्र दिसत नाही. लेखातले फोटो जातात आणि वरच्या पट्टीतलं संस्थेचं चिन्हही जातं, आणि दुसऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर तीच गत असते.

अजून न मागितलेलं चित्र

दुसऱ्या दुखण्याचं नाव लेझी लोडिंग. चित्र वाचकाच्या नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत मागवायचंच नाही, अशी ही पद्धत आहे. लांबलचक लेखाच्या तळाशी दहा फोटो असतील आणि वाचकाने दोन परिच्छेद वाचून पान मिटलं, तर ते दहा फोटो आणणं वायाच. विकिपीडियाच्या मोबाइल पानांवर ही पद्धत २०१६पासून आहे. बातम्यांच्या आणि दुकानांच्या संकेतस्थळांवर तर ती सरसकट दिसते.

आधी हे काम पानात घातलेल्या प्रोग्रॅमकडून, म्हणजे जावास्क्रिप्टकडून करून घ्यावं लागे. त्यासाठी एक युक्ती वापरत. `src`मध्ये खऱ्या चित्राऐवजी एखादं चिमुकलं कोरं चित्र ठेवायचं आणि खरा पत्ता दुसऱ्या नावाखाली लपवायचा:

```html
<img src="blank.gif" data-src="mahadarwaja.jpg" alt="रायगडाचा महादरवाजा">
```

वाचक खाली सरकला की जावास्क्रिप्ट `data-src`मधला पत्ता उचलून `src`मध्ये ठेवते आणि तेव्हा कुठे मागणी जाते. याचा दुसरा अर्थ असा की जावास्क्रिप्ट चाललीच नाही तर खरा पत्ता लपलेलाच राहतो. ब्राउझरच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. त्याला कोरं चित्र दाखवायला सांगितलं होतं, ते त्याने दाखवलं. फाटक्या कागदाचं चिन्ह नाही, चूक सांगणारा निरोप नाही, फक्त कोरी जागा. या दुखण्याची ओळखच ती आहे. जाहिराती रोखणाऱ्या साधनाने पानाची जावास्क्रिप्ट अडवली, मंद नेटवर ती फाइल अर्धवट उतरली किंवा पान तयार करणाऱ्याच्या एका ओळीत चूक राहिली, तरी परिणाम हाच. काळजीपूर्वक बांधलेल्या पानात जावास्क्रिप्ट बंद असणाऱ्यांसाठी `noscript` या खुणेत साधं चित्रही देऊन ठेवलेलं असतं. विकिपीडिया तसं करतो.

पुढे ही सोय ब्राउझरमध्येच आली. `loading="lazy"` एवढे शब्द चित्राच्या खुणेत घातले की जावास्क्रिप्टची गरज उरत नाही. जुलै २०१९मध्ये क्रोमने, एप्रिल २०२०मध्ये फायरफॉक्सने आणि मार्च २०२२मध्ये सफारीने ही सोय दिली. चित्र किती जवळ आल्यावर मागवायचं हेही मग ब्राउझरच ठरवू लागला. २०२० साली क्रोमने हे अंतर ठरवलं ते असं: नेट ४जीसारखं वेगवान असेल तर चित्र पडद्यापासून १,२५० पिक्सेलवर असताना मागणी पाठवायची, ३जी किंवा त्याहून मंद असेल तर २,५०० पिक्सेलवर. पहिल्यांदा वाचताना हे उलटं वाटतं, पण विचार बरोबर आहे. नेट मंद असेल तर चित्राला पोचायला वेळ लागणार, म्हणून ते लवकर मागवायचं.

तरीही वाचकाने अंगठ्याच्या एका झटक्यात पान तळाशी नेलं, तर मधली सगळी चित्रं एकदम मागितली जातात आणि चौकटी काही क्षण रिकाम्या दिसतात. इथे थांबणं हाच उपाय. मात्र नेमक्या त्या क्षणी लोकल बोगद्यात शिरली किंवा घाटात रेंज गेली आणि मागणी फसली, तर ब्राउझर ते चित्र आपण होऊन पुन्हा मागत नाही. रेंज परत आली, मजकूर समोर आहे, नेटही जोरात आहे, तरी चौकट रिकामीच राहते. अशा वेळी पान ताजं करण्याचा उपाय खरोखर लागू पडतो.

लेझी लोडिंगचा सर्वांत जास्त त्रास होतो तो पान छापताना किंवा जपून ठेवताना. पान उघडल्या उघडल्या छपाईची आज्ञा दिली तर खालची चित्रं अजून मागवलेलीच नसतात. ब्राउझरची स्वतःची पद्धत वापरलेली असेल तर छपाईच्या वेळी तो ती मागवू पाहतो. जावास्क्रिप्टच्या जुन्या पद्धतीला छपाई चालली आहे याचा पत्ता बहुधा नसतो आणि कागदावर कोऱ्या चौकटी येतात. म्हणून लेख छापायचा किंवा पीडीएफ करून ठेवायचा असेल तर आधी तळापर्यंत सावकाश सरकत जायचं, शेवटचं चित्र दिसलं की वर यायचं आणि मगच छपाईची आज्ञा द्यायची.

मागितलं, पण वाटेत अडलं

तिसरं दुखणं सर्वांत चिवट. इथे ब्राउझरने मागणी पाठवलेली असते. चित्र ज्या यंत्रावर आहे तिथपर्यंत ती पोचत नाही, किंवा पोचूनही नकार मिळतो. अडवणारा कुठे बसला आहे यावर उपाय अवलंबून असतो.

तो वाचकाच्या यंत्रातच असू शकतो. फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्त्यांत चित्रावर उजवी कळ दाबली की येणाऱ्या यादीत त्या ठिकाणाहून येणारी चित्रं रोखण्याचा पर्याय असायचा. विकिपीडियावरचं चित्र जतन करताना हात चुकून त्या ओळीवर पडला की `upload.wikimedia.org` कायमचं रोखलं जायचं आणि त्या क्षणापासून विकिपीडियाच्या प्रत्येक भाषेतले फोटो गायब व्हायचे. संगणक बंद करून चालू केला तरी फरक पडायचा नाही. वाचक विकिपीडियाला दोष द्यायचे. बंदी त्यांच्याच ब्राउझरमध्ये नोंदलेली असायची. आज हेच काम जाहिरात रोखणारी साधनं करतात. यूब्लॉक ओरिजिन या साधनात ठरावीक आकारापेक्षा मोठी चित्रं रोखण्याची कळ आहे. तिची मूळ मर्यादा ५० केबी. ती चालू असेल तर लहान चिन्हं दिसतात आणि मोठे फोटो येत नाहीत.

अडवणारा मधल्या वाटेवरही असू शकतो: कार्यालयाचं किंवा शाळेचं वाय-फाय, इंटरनेट पुरवणारी कंपनी, कधी सरकारी आदेश. आणि तो चित्र ठेवणाऱ्याच्या दारातही असू शकतो. याचं मोठं उदाहरण २०१७चं. फोटोबकेट ही अमेरिकी कंपनी लोकांचे फोटो फुकट ठेवून घ्यायची आणि ते फोटो लोक आपापल्या इतर पानांवर पत्ता देऊन दाखवायचे. त्या वर्षी उन्हाळ्यात कंपनीने असं दाखवायला वर्षाला ३९९.९९ डॉलर मागितले. ज्यांनी भरले नाहीत त्यांचे फोटो जिथे जिथे लावलेले होते तिथे खाते अद्ययावत करण्याची सूचना असलेलं एकच चित्र दिसू लागलं. गाडीदुरुस्तीच्या पायऱ्या दाखवणारे फोटो, ऑनलाइन दुकानांतल्या वस्तूंचे फोटो, सगळीकडे तीच पाटी. पुढच्या वर्षी कंपनीने दर उतरवले. पण तोवर लोकांनी पाहिलं होतं की चित्र दुसऱ्याच्या दारी ठेवलं तर त्या दाराचे नियम आपल्याला लागू होतात. यात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की ब्राउझरला चूक दिसतच नाही. त्याने चित्र मागितलं आणि त्याला चित्र मिळालं. फक्त ते वेगळं होतं.

अलीकडचं उदाहरण इमगरचं. ३० सप्टेंबर २०२५पासून या चित्रं ठेवणाऱ्या सेवेने ब्रिटनमधल्या वाचकांसाठी दार बंद केलं. त्यामुळे लंडनमधल्या मराठी माणसाला एखाद्या पानावर जे चित्र दिसत नाही, ते त्याच पानावर पुण्यातल्या भावाला दिसू शकतं. पान एकच, मजकूर एकच. वाचक कुठल्या देशात बसला आहे त्यावर चित्र ठरतं.

रायगडाच्या पानाचा तपास

आता हे सगळं एका पानावर लावून पाहू. समजा, महाडच्या एका शाळेतल्या शिक्षिका सहलीच्या आधी वर्गाला दाखवण्यासाठी शाळेच्या वाय-फायवर मराठी विकिपीडियातलं रायगडाचं पान फोनवर उघडतात. मजकूर येतो, फोटो येत नाहीत. मोबाइलच्या पानावर चित्र येईपर्यंत करडा चौकोन ठेवलेला असतो, त्यामुळे नुसत्या चौकोनावरून कुठलं दुखणं आहे हे कळत नाही. तपास करावा लागतो.

पहिली पायरी: पानाच्या वरच्या पट्टीत विकिपीडियाचं नाव ठळक अक्षरांत दिसतं का ते पाहायचं. ते नाव म्हणजेही एक चित्रच आहे, पण ते `mr.wikipedia.org` याच ठिकाणाहून येतं, `upload.wikimedia.org`वरून नाही. तेही गायब असेल तर ब्राउझरने सरसकट सगळी चित्रं बंद केलेली आहेत. सेटिंगमध्ये चित्रांची कळ शोधायची आणि तपास संपला. इथे नाव दिसतं आहे. म्हणजे चित्रं दाखवायला ब्राउझरची हरकत नाही.

दुसरी पायरी: सावकाश खाली सरकायचं. मोबाइलच्या पानावर लेखाचे भाग मिटलेले असतील तर ते उघडायचे आणि प्रत्येक चौकोनापाशी काही क्षण थांबायचं. मग चित्र आलं तर दुखणं लेझी लोडिंगचं होतं आणि ते बरंही झालं. इथे थांबूनही चौकोन भरत नाही.

तिसरी पायरी निर्णायक. पान बाजूला ठेवायचं आणि चित्रांच्या ठिकाणाचा एक पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाकायचा. वर दिलेला `Example.jpg`चा पत्ता यासाठी उत्तम, कारण ते नमुन्यादाखलच ठेवलेलं चित्र आहे. ते उघडलं तर वाट मोकळी आहे आणि दोष पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये किंवा ती अडवणाऱ्या साधनात शोधायचा. उघडलं नाही तर येणारा निरोप वाचायचा. क्रोममध्ये `ERR_BLOCKED_BY_CLIENT` आलं तर अडवणारा आपल्याच ब्राउझरमध्ये आहे. `ERR_NAME_NOT_RESOLVED` आलं तर त्या नावाचा पत्ताच सापडू दिलेला नाही; म्हणजे वाय-फायच्या किंवा फोनमधल्या प्रायव्हेट डीएनएसच्या यादीत ते नाव रोखलेलं असण्याची शक्यता मोठी. `ERR_CONNECTION_RESET` किंवा `ERR_CONNECTION_TIMED_OUT` आलं तर वाटेत कुठे तरी संपर्क तोडला जातो आहे. आणि `403` हा आकडा आला तर मागणी पोचली, पण चित्राच्या मालकाने नकार दिला.

शिक्षिकांच्या फोनवर येतं `ERR_NAME_NOT_RESOLVED`. मग चौथी पायरी: वाय-फाय बंद करायचं आणि मोबाइल डेटावर तोच पत्ता उघडायचा. चित्र लगेच दिसतं. फोन तोच, ब्राउझर तोच, फोनमधलं प्रायव्हेट डीएनएसही तेच. बदललं फक्त नेट. म्हणजे अडवणूक शाळेच्या वाय-फायवर आहे.

अशी अडवणूक होण्याचं कारण साधं असतं. शाळांच्या वाय-फायवर पुष्कळदा परवानगी दिलेल्या ठिकाणांचीच यादी असते. यादीत नाही ते सगळं बंद. यादी करणाऱ्याने त्यात `wikipedia.org` घातलेलं असतं, कारण मुलांनी विकिपीडिया वाचावा असं शाळेला वाटतं. चित्रं `wikimedia.org` नावाच्या दुसऱ्या घरात राहतात हे त्याला माहीत नसतं. अशा वेळी ‘विकिपीडिया चालत नाही’ अशी तक्रार केली तर वाय-फाय सांभाळणारा पान उघडून दाखवतो आणि म्हणतो, चालतंय की! म्हणून तक्रारीत नेमकं नाव द्यावं: ‘सर, `upload.wikimedia.org` यादीत घाला.’ एवढं सांगितलं की काम मिनिटभराचं.

संगणकावर हाच तपास आणखी थेट करता येतो. `F12` दाबायचं, `Network` हा भाग उघडायचा, त्यात `Img` निवडायचं आणि पान ताजं करायचं. मागितलेल्या प्रत्येक चित्राची एक ओळ तिथे येते. चित्राची ओळच नसेल तर ते मागितलंच गेलेलं नाही: बंद कळ किंवा लेझी लोडिंग. ओळ लाल असेल तर मागितलं पण अडलं. ओळ व्यवस्थित आहे आणि तरी भलतंच चित्र दिसतं आहे, तर समोरच्यानेच भलतं चित्र पाठवलेलं आहे. तिन्ही दुखण्यांचा निवाडा त्या एका यादीत होतो.

पान लिहिणाऱ्यांसाठी

शाळेचं, ग्रंथालयाचं, सहकारी संस्थेचं किंवा स्वतःच्या दुकानाचं पान चालवणाऱ्यांच्या हातात यातलं बरंच काही असतं. चित्रं शक्यतो आपल्याच नावाखाली, आपल्याच जागेत ठेवावीत. फुकटच्या दुसऱ्या सेवेवर ठेवली तर तिथली मूळ प्रत आपल्याकडेही जपून ठेवावी. लेझी लोडिंगसाठी जुनी जावास्क्रिप्टची युक्ती सोडून `loading="lazy"` वापरावं. जावास्क्रिप्ट बंद असेल तर ब्राउझर हे शब्द सोडून देतो आणि चित्र सरळ आणतो, त्यामुळे चौकट रिकामी राहत नाही. पान उघडताच वर दिसणाऱ्या पहिल्या चित्राला मात्र हे शब्द लावू नयेत. ते उगाच उशिरा येतं.

आणि `alt` कधीही रिकामं सोडू नये, अपवाद फक्त निव्वळ सजावटीच्या चित्राचा. डेटा सेव्हर असो, जावास्क्रिप्ट फसलेली असो की चित्राचं ठिकाण अडवलेलं असो, हे शब्द मजकुरासोबत पहिल्याच खेपेत आलेले असतात. ते लिहिताना ‘फोटो १’ किंवा ‘image’ असं लिहून उपयोग नाही. सभेची सूचना फोटो काढून चढवली असेल तर सभेची तारीख, वेळ आणि जागा `alt`मध्ये लिहा. औषधाच्या मात्रेचा तक्ता चित्रात असेल तर तो तक्ता खाली मजकुरातही द्या. ज्याच्या फोनवर तुमचं चित्र पोचणार नाही, तो वाचक तुम्हाला कळवायला येणार नाही. त्याच्यासाठी लागणारे शब्द आधीच लिहून ठेवावे लागतात.